वापस केलेला राम राम

आमच्या शेजारच्या बापूकाकांना राम राम घालणं म्हणजे बँकेच्या खिडकीत नोट देणं. ते तो उजेडात धरून बघतात आणि पसंत पडला नाही तर परत करतात.

पुसेगावात एसटीच्या थांब्याकडे जायचं तर त्यांच्या ओट्यासमोरून जावं लागतं. मला सकाळी हिंगोलीची गाडी धरायची असते. मी घाईत "राम राम काका" म्हणून सटकू बघतो, की मागून आवाज येतो, "सुन्या, हा वापस घे. तोंड माझ्याकडं अन् डोळे गाडीकडं." मग थांबायचं, त्यांच्याकडे नीट बघायचं आणि नवा घालायचा. यापायी माझी गाडी कितीदा चुकली आहे. पण खरं सांगतो, दुसऱ्यांदा घातलेला राम राम मलाच बरा वाटतो.

काकांचं याबाबतचं ज्ञान पक्कं आहे. "दुसरा राम खाली बसला की मानूस खुशीत हाय," ते आवाजाच्या चढउताराबद्दल सांगतात. "वर उचलला की कायतरी मागून राहिला. मधीच तोडला की बोलायचंच न्हाई त्याला." हसण्याचीही परीक्षा असते. नुसते दात दिसले तर नापास, डोळ्यांखालची कातडी गोळा झाली पाहिजे. नजर भिडवायची, पण भिडवून ठेवायची नाही. "लई येळ धरली की तो राम राम न्हाई, दम हाय."

त्यांचे दोस्त खंडूमामा मात्र भांडायला आल्यासारखा राम राम घालतात, तरी तो दरवेळी पास होतो. मी कारण विचारलं. "डोळे बघ ना त्याचे, हसून राहिले," काका म्हणाले. "आवाजानं चिडवतो अन् डोळ्यानं गळ्यात पडतो. दोन्हीचं जुळलं न्हाई तर आपुन डोळ्याचं ऐकावं."

एका सकाळी मी असाच घाईत राम राम टाकला आणि काकांनी तो मुकाट्याने ठेवून घेतला. मी चार पावलं जाऊन मागे फिरलो. काहीतरी बिनसलं होतं.

काकूंनी आत बोलावून सांगितलं. थोरला मुलगा दिगू पुण्यात नोकरीला लागला. त्याने शेती सोडून जाऊ नये म्हणून काका तेव्हा फार बोलले होते. आता त्याने बापाला नवा मोबाईल धाडला, तोंड दिसणारा फोन केला, आणि काकांनी त्याचा राम राम वापस केला. एवढंच नाही, "मनात नसंल तर दिवाळीला येऊ नको" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून दिगूचा फोन नाही.

काका आत आले तसं मी विचारलं, "काहून असं केलं, काका?"

"आवाज गोड होता रे," काका म्हणाले. "पन पोरगं सारा येळ खाली बघून बोललं. बापाच्या डोळ्याला डोळा देत न्हाई. राग हाय त्याच्या मनात."

मला हसू आलं. मी अंगणात गेलो आणि माझ्या मोबाईलवरून त्यांना तसाच फोन लावला. पडद्यावरच्या त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणालो, "राम राम काका."

"तू बी खाली बघून राहिला."

"मी तुमच्याकडंच बघतोय." मग मी वरच्या बारक्या भोकात बघितलं. "राम राम काका."

"हा बराबर हाय."

मी आत येऊन समजावलं, की फोनचा डोळा वर असतो आणि माणसाचं तोंड खाली दिसतं. दिगू तोंडाकडे बघत होता म्हणून नजर खाली दिसली. काका बराच वेळ फोन उलटासुलटा करत राहिले. "म्हंजे लेकरू मलाच बघून राहिलं होतं," ते हळूच म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मला थांबवून घेतलं. भोक सापडावं म्हणून काकूंनी त्याच्याशेजारी आपली टिकली चिकटवली. दिगूने फोन उचलला. काकांनी टिकलीशेजारी नजर लावली. "राम राम, दिगू." दुसरा राम अगदी खाली बसला.

मग दिगू म्हणाला, "राम राम, बाबा. आज तुमी माझ्याकडं बघून राहिले." दिवाळीला येतो, असंही म्हणाला.

काकांची नजर भोकावरून हलेना. मी कानात सांगितलं, "काका, मधी मधी खाली बघा की. दिगू दिसंल."

"असू दे," ते म्हणाले. "त्याला दिसू दे मी." मग मान न वळवता काकूंना विचारलं, "कसा दिसून राहिला गं?"

"हसून राहिला," काकू पडद्याला नाक लावून म्हणाल्या.

"अन् डोळ्याखाली?"

"व्हय," काकू म्हणाल्या. "गोळा झाली."