तराजूवाली बाई

साखरशेतच्या मधुने आपल्या सख्ख्या भावाला फसवायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला फक्त लग्न करायचं होतं.

मुलगी होती सूर्यमाळच्या बाबल्याची रामी. रामीला मधु पसंत होता. बाबल्यालाही तसा तो चालत होता, पण त्याने एक अट घातली होती. आपली पोर नागलीच्या भाकरीवर वाढली, ती आता भाताच्या घरात जाईल, नाहीतर घरीच राहील. मधुच्या वाट्याला भात म्हणावा तर गावात एकच जागा होती, ओहोळाकाठचं बापाचं खाचर. बाप जाऊन वर्ष झालं होतं आणि खाचरावर थोरला भाऊ जिवा असा बसला होता की त्याला उठवायला पाऊसही घाबरावा. वरची नागलीची वरकस जमीन मधुला देतो, असं जिवा म्हणत होता. तिथे दगड बरे पिकत.

मधु स्वतः मात्र नऊ वर्षं मुंबईत होता. कुलाब्याच्या एका म्हाताऱ्या मेमसाहेबांच्या स्वयंपाकघरात त्याने भांडी घासली. मेमसाहेबांना भविष्याचे पत्ते मांडायचा नाद होता आणि समोर बसायला रोज कोणी नसे, म्हणून मधुला बसवत. विलायतेला परत जाताना त्यांनी तो जोड मधुला देऊन टाकला. अठ्ठ्याहत्तर पानं, प्रत्येकावर रंगीत चित्र. तेव्हापासून जव्हारच्या बाजाराच्या दिवशी मधु उंबराखाली घोंगडी पसरून पत्ते वाचू लागला. पायलीभर नागलीत तो माणसाचा हरवलेला बैल, रुसलेली बायको आणि पुढचा पाऊस सांगे.

त्या जोडातलं एक पान अख्ख्या मुलखात प्रसिद्ध झालं. लाल झगा घातलेली, डोक्यावर मुकुट असलेली एक बाई दोन दगडी खांबांच्या मधोमध बसली आहे. उजव्या हातात उभी तलवार, डाव्या हातात तराजू, मागे जांभळा पडदा. मेमसाहेबांनी ते न्यायाचं पान म्हणून शिकवलं होतं. पान सुलटं आलं तर न्याय होणार, उलटं आलं तर मागणीत खोट आहे. लोक तिला तराजूवाली बाई म्हणत आणि पान निघालं की हात जोडत.

"दादा, कचेरीत गेलो तर चार पावसाळे जातील. आपुन बाईला विचारू," मधुने एक दिवस जिवाला म्हटलं. जिवाने डोकं खाजवलं. कचेरीची त्याला भीती होती आणि बाईवर त्याचा विश्वास होता. तो हो म्हणाला, हे मधुला जरा जास्तच सोपं वाटलं.

मग मधुने तयारी केली. बाईच्या पानाचा एक कोपरा त्याने नखाने हलकेच वाकवला. वाकलेलं पान गठ्ठ्यात असलं की तिथे बारीकशी फट राहते आणि कोणीही पत्ते काटले तरी हात आपोआप त्या फटीवर पडतो. काटून वरचा भाग खाली गेला की बाई सगळ्यात वर. त्याने घरी वीस वेळा करून पाहिलं, वीस वेळा बाई वर आली, तीही त्याच्याकडे तोंड करून, सुलटी. बाकी राहिलं ते आपल्या गोड आवाजात वाचणं.

ठरल्या दिवशी जिवाच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली चौघं जमले. पंच म्हणून बाबल्या आला होता. पोशेऱ्याला दिलेली थोरली बहीण हिरी साक्षीला आली होती. ती येताना कमरेला कोयता खोचूनच आली, वाटेत गवत कापायला. मधुने घोंगडी पसरली आणि नेहमीच्या रुबाबात मांडी घातली.

"तू कशाला पत्तं घेतोस?" बाबल्या म्हणाला. "खाचर तूच मागणार आन निकाल बी तूच वाचणार? मंग गावात पंच पायजेतच कशाला?"

सासरा होऊ घातलेला माणूस आपल्या बाजूने झुकेल, असं मधुने धरलं होतं. घाईघाईने तो म्हणाला, की मग मामा, तुम्हीच वाचा. त्यावर जिवा बोलला. ज्याची पोर खाचरावर नांदायला येणार तो पंच कसला, असं त्याचं म्हणणं. बाबल्याने थोडा विचार केला आणि हे अगदी बरोबर आहे म्हणून स्वतःच मागे सरकला.

उरली हिरी. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला खाचरातलं काही मिळायचं नव्हतं. जिला काही मिळायचं नाही ती खोटं कशाला बोलेल, यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्या वेळी तरी झालं.

आता बसायचं कसं, तर पाड्याची रीत ठरलेली. वादातली दोन माणसं शेजारी बसत नाहीत, समोरासमोर बसतात, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यात बघून खोटं बोलणं जड जातं. मधु ओहोळाकडे तोंड करून बसला, जिवा त्याच्यासमोर. हिरी मधुच्या बाजूला बसणार होती, पण तिथे ऊन थेट डोळ्यांवर येत होतं, म्हणून ती जिवाच्या बाजूच्या सावलीत जाऊन बसली. या एका उन्हाच्या तिरिपेने पुढचा सगळा घोटाळा केला.

मधुने पत्ते पिसल्यासारखे केले आणि गठ्ठा घोंगडीवरून पुढे सरकवला. जिवाने आपल्या नांगर धरणाऱ्या बोटांनी तो काटला. बोटं बरोबर फटीवर पडली. मधुने मनातल्या मनात रामीला शालू नेसवला.

"बाय, पान पुस्तकासारखं बाजूनं उलट," तो हिरीला म्हणाला. "खालून वर उलटलंस तर सुलट्याचं उलटं व्हतं. पहिलं मधी ठेव. ती वादाची मुळी. दुसरं माझ्याकडं, तिसरं दादाकडं."

हिरीने पहिलं पान उलटलं. तराजूवाली बाई. बाबल्याने हात जोडले. दुसरं पान मधुसमोर पडलं. एक माणूस पाच तलवारी उराशी कवटाळून चवड्यांवर तंबूंपासून पळत होता आणि मागे वळून बघत हसत होता. तिसरं जिवासमोर पडलं. एक माणूस दहा दांडक्यांची मोळी कवेत घेऊन कमरेत वाकून चालला होता.

"हा दादाच हाय," हिरी म्हणाली. "आन हा तलवारी चोरणारा कोण रं?"

हा चोर नाही, हुशार माणूस आहे, असं मधु सांगू लागला. मुंबईला जाऊन शहाणपण घेऊन आलेला. पण तलवारी कोणाच्या, असं बाबल्याने विचारलं. मग मधुने सगळ्यांचं लक्ष मधल्या पानाकडे वळवलं. बाई सुलटी आली, न्याय झाला, मागणारा खरा आहे, असं त्याने जाहीर केलं.

"सुलटी कुठं?" हिरी म्हणाली. "माझ्याकडून बाई डोक्यावर उभी हाय."

आणि ते खरं होतं. बाई मधुकडून सुलटी होती, म्हणजे समोर बसलेल्या हिरीकडून उलटी. मधुने लगेच सांगून टाकलं, की उलटं-सुलटं नेहमी विचारणाऱ्याच्या बाजूने बघायचं असतं.

बाबल्या घोंगडीवर वाकला. "माझा बैल हरवला तवा मी तुझ्यासमोर बसलो व्हतो. मला पान सुलटं दिसत व्हतं. तू म्हनालास, वाचनाऱ्याकडून उलटं हाय, बैल यायचा नाय. आन बैल आला नाय."

मधुला आयुष्यात प्रथमच आपलं भविष्य खरं ठरल्याचं वाईट वाटलं. बाई उलटी म्हणजे मागणीत खोट, हे त्यानेच तीन वर्षं बाजारात घसा फोडून सांगितलं होतं. पण रामी डोळ्यांपुढून हलेना. तो म्हणाला, आता ऊन सरकलं आहे, हिरीबायने माझ्या बाजूला येऊन वाचावं. हिरी उठली. तेवढ्यात जिवाही उठला, कारण बाई सुलटी असेल त्या बाजूलाच आपण बसणार, असा त्याचा हट्ट होता. जिवा शेजारी आला म्हणून, रीत मोडू नये यासाठी, मधुला समोर जावं लागलं. समोर गेल्यावर त्याला बाई उलटी दिसू लागली, म्हणून तो परत फिरला. त्याच्या मागे जिवा, जिवाच्या मागे आता बसू कुठे असं विचारत हिरी, आणि सगळ्यांना थांबवायला बाबल्या. घोंगडीभोवती तीन फेरे झाले.

पाण्याचे हंडे घेऊन वाटेने चाललेली शेजारची लाडकी थांबली. "तारपा वाजवनारा कुठाय?" तिने विचारलं. "बिनतारप्याचं नाचायला लागलं का आता?"

हिरी दमली. तिने खाली वाकून बाई उचलली आणि हातात धरली. हातात धरलेल्या पानाला बाजू नसते. ती ते निरखून बघत राहिली आणि मग तिचा अंगठा एका कोपऱ्यावर थांबला.

ती मधुजवळ सरकली. बाबल्या जिवाशी बोलत होता. "मधु," ती हळूच म्हणाली, "हा कोपरा का वाकलाय रं?"

मधुला इतकी लाज वाटली की अंगणातल्या कोंबडीकडेही बघवेना. हे बाबल्याला कळलं तर खाचर गेलं, रामी गेली आणि बाजारातला उंबरही गेला.

"तुझी मेमसाहेब या बाईचं काय सांगायची?" हिरीने आता मोठ्याने विचारलं. "खरं सांग."

"म्हनायची, ही कोनाला मागितलेलं देत नाय," मधु पुटपुटला. "ज्यानं जे केलं त्याचं त्याला देते. तलवारीला दोन्हीकडून धार हाय."

"मंग ऐका," हिरी म्हणाली. "मधु मुंबईला व्हता ती नऊ वर्षं दादानं एकट्यानं चिखल तुडवला, ते तराजूत एकीकडं. पर खाचर बापाचं, आन बाप दोघांचा, ते दुसरीकडं. कोनाला बी सगळं दिलं तर तराजू कलंडतो. आता चितारलेलं बघा. हे दोन खांब, हे तुम्ही दोघं. मुके, ठोकळे. आन मधी बसलीय कोन? बाई. कोयता घेऊन." तिने कमरेचा कोयता काढून मांडीवर ठेवला. "खाचर माझं. दोघांनी अर्धं अर्धं कसायचं. जो लावणीला येनार नाय त्याचं अर्धं दुसऱ्याला. मला दर भाऊबीजेला एक टोपली भात."

जिवाने खूप वेळ विचार केला. खाचर आपल्याला मिळालं नाही हे खरं, पण मधुलाही मिळालं नाही, आणि हे त्याला फार समाधानाचं वाटलं. मधुला तर विचार करायला मुभाच नव्हती. हिरीचा अंगठा अजून कोपऱ्यावर होता.

"मान्य," दोघे भाऊ एकदम म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं एका शब्दावर जमलं होतं.

अर्ध्या खाचराचा भात दोन माणसांना पुरतो का, याचा हिशेब बाबल्याने बोटांवर केला. मग लावणी झाल्यावर येतो, तेव्हा मधुचे हात बघीन, असं सांगून तो उठला. मधु त्या आषाढात गुडघाभर चिखलात वाकून उभा राहिला आणि कंबर धरून रडायच्या बेतात आला तरी बांधावर चढला नाही. बाबल्याने हात पाहिले, भेगा मोजल्या आणि मान डोलावली. रामी भाताच्या घरात आली.

बाईचं पान मात्र हिरीने त्या दिवशी चोळीत खोचलं ते परत दिलंच नाही. मधुचा जोड तेव्हापासून सत्त्याहत्तर पानांचा झाला. तो आताही बाजाराच्या दिवशी उंबराखाली बसतो, फक्त गिऱ्हाइकाला समोर न बसवता स्वतःच्या शेजारी बसवतो. जमिनीचं भांडण घेऊन कोणी आलं आणि तराजूवाली बाई काढा म्हणालं, की मधु पत्ते आवरून घेतो.

"ती इथं नसते," तो म्हणतो. "पोशेऱ्याला असते. जावा, पर भांडनातलं तिला काय द्यायचं ते आधी ठरवून जावा. नायतर ती स्वतःच घेते."