तात्यांचा धैवत

आमच्या यवतमाळात वरात अडवणारे दोनच. एक रस्त्यात बसलेली गाय, दुसरे तात्या मुळे. संध्याकाळच्या वरातीत बँडवाल्यानं सकाळच्या रागातली चाल काढली, की हे कोर्टातले निवृत्त नाझर बनियनवर रस्त्यात हजर! "बंद कर! ही काय वेळ हाय हे वाजवाची?" नवरदेव घोड्यावर ताटकळलेला, वरमाय शिव्या देते आहे, पण तात्यांना त्याचं सोयरसुतक नाही.

असा घमेंडखोर शेजारी वैऱ्यालाही मिळू नये. घरी दोघंच, तात्या आणि काकू. काकू पूर्वी छान गायच्या, पण अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली. नागपूरचा मुलगा श्रीकांत म्हणायचा, आईला आता काही कळत नाही, तिला संस्थेत ठेवू. तात्या म्हणायचे, सगळं कळते. बापलेकांचं यावरून वाजलेलं.

इकडे कापसाचे भाव पडले, आमचं जिनिंग बंद झालं आणि माझी मुनिमी गेली. पेटी थोडीफार यायची, म्हणून पोटासाठी मी कीबोर्डचा क्लास काढला. एकदा पोरांना म्हणालो, "सा रे ग प ध. पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच सुरांचं स्केल. यालाच भूप म्हणा, यालाच देशकार."

झालं! भिंतीवर तात्यांचं डोकं उगवलं.

"काहून बे, सूर सारखे म्हणून राग सारखा? तुह्यं स्केल सांगते, सूर कोणते न मूळ सूर कोणता. पुढं चाल तुमची तुम्ही पाहा. राग चालही सांगते! भूपात गंधार वादी, म्हणजे राजा. धैवत संवादी, त्याचा प्रधान. 'ग, रे, सा ध, सा रे ग', सारं खालच्या अंगात, संध्याकाळचं. देशकारात धैवत राजा, गंधार प्रधान. 'ग प ध, प', वरच्या अंगात, सकाळचं. न रिषभावर थांबाचं नाही, नाहीतर भूप झालाच समज. समजलं काय, पेटीमास्तर?"

पोरं खिदळली. दुसऱ्या दिवशी दोन कमी आली. मेला कुठला!

पुढच्याच आठवड्यात सकाळी श्रीकांत गाडी घेऊन आला. आरडाओरडा ऐकून मी गेलो. काकूंची पिशवी भरलेली होती आणि काकू खिडकीशी बसून नुसत्या गुणगुणत होत्या.

"आयका!" तात्या ओरडले. "हा देशकार हाय. तिले समजते, सकाळ झाली म्हणून!"

"बाबा, तेच पाच सूर आहेत," श्रीकांत थकून म्हणाला. "संध्याकाळीही ती हेच गुणगुणते."

"संध्याकाळी भूप असते रे!"

श्रीकांतनं पिशवी उचलली. तेव्हा तात्या माझ्याकडे वळले. ज्या माणसानं मला कधी धड नावानं हाक मारली नाही, त्यानं चक्क हात जोडले.

"तू तरी आयक न बाप्पा. मले एकट्यालेच आयकू येते काय?"

मी ऐकलं. काकू गंधार-पंचमावरून वर चढल्या, धैवतावर थांबल्या, पंचमाला टेकल्या, पुन्हा धैवतावर आल्या. खाली उतरताना रिषभाला नुसतं शिवून निघाल्या.

"देशकारच आहे, श्रीकांत," मी म्हणालो. "पिशवी ठेव. संध्याकाळपर्यंत थांब, आणि तू स्वतः ऐक."