रेडिओची कायम नेमणूक

एक जूनपासून ‘रेडिओ’ या शब्दाला पुरुषांच्या वॉर्डात कायम नोकरीवर घेण्यात आलं आणि सिस्टर शैलजा घोलप यांच्या पोटात दुखायला लागलं. दुखणारच. शैलजाबाई त्याच वॉर्डात चौदा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होत्या, आणि तो शब्द मुळात त्यांनीच काढलेला होता.

त्याचा जन्म झाला तो दिवस त्यांना चांगला आठवत होता. त्या सकाळी वॉर्डात दोन माणसं गेली. त्यातलं एक एकोणीस वर्षांचं पोर होतं, डेंग्यूचं. आईला सांगायचं काम शैलजाबाईंवर आलं. ते सांगून, पोराच्या अंगावरच्या नळ्या काढून, चादर बदलून त्या वळतात न वळतात तोच सात नंबरचे आजोबा ‘पंखा कमी करा’ म्हणून एकविसाव्यांदा ओरडले. शैलजाबाई ड्यूटीरूममध्ये आल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, “अगं, रेडिओ लागलाय बाहेर. बंद करायचं बटणच सापडत नाही.” आत चौघीजणी होत्या. चौघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग तोंड धुतलं, बाहेर गेल्या आणि आजोबांचा पंखा कमी केला.

असे शब्द तिथे आणखीही होते. ज्या पेशंटभोवती पंधरा नातेवाईक, तो ‘लग्नघर’. बरा होऊनही घरी जायचं नाव काढत नाही, तो ‘हवापालट’. कुणी दगावलं की ‘वरती बदली’. बाहेरच्याने ऐकलं तर म्हणेल, काय दगडी काळजाच्या बायका आहेत! पण आत रडायला वेळ नसतो आणि बाहेर रडून चालत नाही, तेव्हा माणसं अशी हसतात. त्याचे नियमही शैलजाबाईंनीच घालून दिले होते. दार लावल्याशिवाय शब्द उच्चारायचा नाही. पेशंटच्या, नातेवाइकांच्या कानावर जाऊ द्यायचा नाही. केसपेपरवर लिहायचा नाही. आणि ड्यूटी बदलताना तर मुळीच नाही, कारण पुढची सिस्टर मग माणसाकडे बघतच नाही, शब्दाकडे बघते.

बाकीचे शब्द गुमान खोलीत राहिले. रेडिओ महत्त्वाकांक्षी निघाला. एक दिवस तो कुणाच्या तरी तोंडून दाराबाहेर पडला आणि ड्यूटी बदलताना पेशंटच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. एका पेशंटला पाच वाक्यं लागायची, तिथे एका शब्दात काम होऊ लागलं. सव्वीस मिनिटांचं काम नऊ मिनिटांत उरकू लागलं. अधीक्षक डॉ. किणीकर खूश झाले. मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणी झाली, नेमणुकीचं पत्र निघालं.

दिसायला शब्द बेताचाच होता. गहूवर्णी, तीन अक्षरांचा, खिशाला बिल्ला. त्याला खुर्ची मिळाली, रजा मिळाली, दिवाळीच्या उचलीचा हक्क मिळाला. हजेरीच्या वहीत त्याचं नाव शैलजाबाईंच्या वर आलं.

“घोलप सिस्टर, जरा पाणी आणता का?” पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला.

शैलजाबाईंनी पाणी आणलं. आपल्याच पोटचं पोर साहेब होऊन आपल्यालाच हुकूम सोडतंय, हे त्यांच्या डोळ्यांत इतकं खुपलं की त्या दिवशी जेवण गेलं नाही. ‘हा कधीतरी तोंडावर आपटेल,’ त्या मनात म्हणाल्या, ‘आणि मी बघायला असेन.’ वाईट होतं, पण खरं होतं.

जुलैत बारा नंबरवर दत्तोबा तावरे आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, साखर वाढलेली, पायाला जखम. घरी बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे इथे बोलत. उशी टोचते, चहा पाणचट आहे, शेजारचा घोरतो. दुसऱ्याच दिवशी दुपारी दोनला ड्यूटी बदलताना रेडिओ त्यांच्या पायथ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, “बारा नंबर. मी.”

दुपारपाळीच्या सिस्टर फरजानाने मान डोलावली आणि ती पुढे गेली.

“सिस्टर, जबडा ओढल्यासारखा होतोय,” दत्तोबा म्हणाले. “आणि घाम किती सुटलाय बघा.”

“काका, पंखा चालू आहे,” फरजाना लांबूनच म्हणाली.

शैलजाबाई घरी निघाल्या होत्या. पर्स खांद्याला होती. त्यांनी ऐकलं आणि त्या थबकल्या. साखरेच्या माणसाची छाती दुखेलच असं नाही. जबडा ओढतो, घाम सुटतो, मळमळतं, एवढ्यावरच हृदयाचा झटका येऊन जातो. हे त्या चौदा वर्षं नव्या मुलींना शिकवत होत्या. त्यांनी रेडिओकडे पाहिलं. तो खुर्चीत बसून नखं बघत होता. आता आपटतो, असं त्यांना वाटलं. आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. घड्याळात चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत त्यांना बरं वाटत होतं.

मग दत्तोबा बोलायचे थांबले.

शैलजाबाईंनी पर्स टाकली आणि त्या धावल्या. ईसीजी काढला, डॉक्टरांना हाक मारली, गोळ्या चघळायला दिल्या, ट्रॉली स्वतः ढकलत आयसीयूत नेली. झटकाच होता. दत्तोबा वाचले, पण हृदयाचा एक भाग गेला. थोडं आधी कळतं तर कदाचित वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. दत्तोबांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. रेडिओ इस्त्रीचे कपडे घालून आला होता.

“तुमचं म्हणणं?” डॉ. किणीकरांनी त्याला विचारलं.

“साहेब, मी स्वतःहून कधी बोलत नाही. मला कोणीतरी उच्चारावं लागतं.”

“लिहून घ्या,” डॉ. किणीकर म्हणाले. “घोलप सिस्टर, तुम्ही चार मिनिटं का थांबलात?”

“मला ह्याचा हेवा वाटत होता, साहेब.”

कारकुनाने नियमांचं पुस्तक चाळलं. “हेव्याची तरतूद नाही, साहेब.”

“मग अवलोकनार्थ लिहा.”

दत्तोबांनी हात वर केला. त्यांना बोलायला परवानगी मिळाली. ते रेडिओकडे वळले. “मी काय म्हणत होतो, ते तू ऐकलंस का रे?”

“नाही,” रेडिओ म्हणाला. “ऐकणं माझ्या कामात येत नाही.”

“आणि बाई, तुम्ही?”

शैलजाबाईंना ‘ड्यूटी संपली होती’ असं म्हणता आलं असतं. नियमाला धरूनही झालं असतं.

“ऐकलं होतं,” त्या म्हणाल्या. “सगळं ऐकलं होतं.”

दत्तोबांनी खुर्चीची चाकं स्वतःच फिरवली आणि त्यांच्याकडे पाठ केली. 

निकाल महिनाअखेरीस लागला. कायम कर्मचाऱ्याला काढता येत नसल्याने रेडिओची नोकरी चालू राहिली. मात्र त्याने ड्यूटीरूममध्ये, दार लावून बसावं. शैलजाबाईंना ताकीद आणि आणखी अकरा महिने. ड्यूटी बदलायला पुन्हा सव्वीस मिनिटं लागू लागली.

पायाची जखम चिघळल्याने मुक्काम लांबला होता, तो संपवून दत्तोबा आयसीयूतून वॉर्डात परत आले. शैलजाबाई रोज ड्यूटी संपली की स्टूल ओढून त्यांच्यापाशी बसत. पहिले दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी तिकडेच बघत म्हणाले, “उशी टोचतीय.” शैलजाबाईंनी उशी बदलली. मग दत्तोबा चहावर आले, मग वर्कशॉपच्या साहेबावर, मग बायकोच्या शेवटच्या आजारपणावर. शैलजाबाई मान हलवत ऐकत राहिल्या.

ड्यूटीरूमच्या दाराला फट होती. रेडिओ तिथून बघत असे.

सोमवारी त्याने अधीक्षकांकडे अर्ज दिला. ‘कायम पद सोडण्यास तयार आहे. घोलप सिस्टर यांच्या जागी, अकरा महिन्यांच्या करारावर घ्यावे.’ कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘त्यांच्याशी लोक बोलतात.’

डॉ. किणीकरांनी अर्ज वाचला आणि पुढील कार्यवाहीसाठी वर पाठवला.