बाईंच्या फोटोखालची ओळ

माझी आई लग्नाच्या पंगतीतसुद्धा हजेरी घ्यायची. भात वाढून झालेला, यजमान आता "सावकाश होऊ द्या" म्हणणार, एवढ्यात ती पाटांवरून एक नजर फिरवायची आणि म्हणायची, "दोघं कमी आहेत." दोघं खरंच कमी असायची. एक काका विहिरीवर पाय धूत असायचे, दुसरे व्याह्यांशी वाद घालत असायचे. ते येऊन बसेपर्यंत भाताला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

ठाण्याच्या मराठी शाळेत आई बाई होती. वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. तिने सातवीच्या फायनलची परीक्षा दिली, ट्रेनिंग घेतलं आणि जी शाळेत शिरली ती डोक्याचे केस पांढरे होईपर्यंत. निम्म्या गावाची हजेरी तिला तोंडपाठ होती. बाजारात बाळकुमची काशी भाजी विकायला बसायची. काशी आता दोन पोरांची आई, पण समोर उभं राहून माझी आई म्हणायची, "काशी दामू." काशी हातातली मेथी खाली ठेवून उभी राहायची. "हाजर, बाय." मग आई मेथी घ्यायची.

मूल लागोपाठ गैरहजर राहिलं की पटावरून नाव कमी करायचं, असा शाळेचा नियम होता. आईला तो मान्य होता. फक्त ती नाव कमी करायच्या आधी छत्री घेऊन घरी जायची. मिठाच्या दिवसांत खाडीकाठची पोरं आईबापांबरोबर मिठागरावर असत. कळव्याच्या एका बापाने तिला विचारलं होतं, "बाय, पोर शालंत गेली त मीठ कोन भरील?"

"तुम्ही," आई म्हणाली. "तुम्ही उभेच आहात, मला दिसताय."

पोर दुसऱ्या दिवशी वर्गात आली.

मीही तिच्याच वर्गात शिकलो. घरी ठेवायला कोणी नव्हतं आणि शाळेत नातं चालायचं नाही. फाटक ओलांडलं की आई संपायची आणि बाई सुरू व्हायच्या. पहिल्याच दिवशी मी "आई, पाणी," म्हणालो. बाईंनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "इथे तुझी आई नाही. बाई म्हण." सगळ्या वर्गाला दोन छड्या मिळाल्या तर मला तीन, म्हणजे मुलाला सवलत दिली असं कोणी म्हणायला नको. मला ते तेव्हाही समजत होतं. तरी राग यायचा, आणि तो बरीच वर्षं टिकला.

पुढे मला कल्याणला रेल्वेच्या कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं आणि आम्ही डोंबिवलीला बिऱ्हाड केलं. आई ठाण्यातच राहिली. "माझी पोरं इथे आहेत," म्हणाली. माझा दर रविवारी एक फेरा असायचा.

ती निवृत्त झाली तेव्हा शाळेने मोठा फोटो काढून कचेरीत नव्हे, थेट सभागृहात लावायचं ठरवलं. त्याखालचा मजकूर मी लिहावा, अशी हेडमास्तरांची इच्छा. "तुम्ही लिहिता, शिवाय चिरंजीव," ते म्हणाले. मी मनात ठरवून टाकलं की त्यात 'आई' हा शब्द घालायचाच. एकदा तरी तो शब्द शाळेच्या भिंतीवर जायला हवा होता.

फोटोच्या दिवशी रजा काढून मी ठाण्याला गेलो. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मधोमध आई, एका बाजूला हेडमास्तर आणि शाळा समितीचे अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला शाळेतल्या दोन बाई, मागे बाकांवर उभे बाकीचे शिक्षक, पुढे सतरंजीवर मुलं. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालणार तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा. एक कमी आहे."

सगळ्यांनी माना वळवून मोजदाद केली. सगळे होते. हेडमास्तर म्हणाले, "बाई, ऊन उतरतंय." मी फोटोग्राफरच्या मागे, तिची छत्री आणि पिशवी घेऊन उभा होतो. शाळेत नातं नाही, हा धडा मी पहिलीतच शिकलो होतो.

"बाई, इकडे काचेत बघा," फोटोग्राफर दोनदा म्हणाला. मग त्याने फोटो काढला.

मजकुराचं काम वाटतं तितकं सोपं नसतं. फोटो करड्या पुठ्ठ्यावर चिकटवतात आणि खाली चार बोटं जागा सोडतात. त्यात पेंटर पेन्सिलीने रेघा आखून बारीक कुंचल्याने अक्षरं काढतो. आधी फोटोवर पातळ कागद ठेवून प्रत्येक डोक्यावर आकडा घालायचा, मग ओळीने नावं. आमच्या पेंटरने पहिल्या कच्च्या मजकुरात 'डावीकडून' म्हणजे बसलेल्यांच्या डावीकडून धरलं. त्यामुळे अध्यक्षांच्या मिशांखाली शिवणाच्या बाईंचं नाव आलं. मग 'बघणाऱ्याच्या डावीकडून' असं ठरलं. नावं जाऊन मला वर एकच ओळ उरली. "जास्ती लिवलं तर अक्षर मुंगीएवढं होईल," पेंटरने आधीच बजावलं होतं.

रविवारी मी आईला पहिला मसुदा दाखवला. 'ज्ञानदानाचा नंदादीप अखंड तेवत ठेवणाऱ्या मातोश्री.'

तिने चष्मा पुसला. "नंदादीपाला दर महिन्याला पगार मिळतो का रे? मला मिळाला. दहापैकी तीन."

पुढच्या रविवारी मी दुसरा नेला. 'शेकडो मुलांची आई.'

"त्यांना आया होत्या. मी भेटून आले आहे सगळ्यांना. चार." आणि पेन्सिलीने 'आई' या शब्दावर तिने आडवी रेघ मारली.

मला वाईट वाटलं. खरं तर चीडच आली. मी तिथेच बसून उरलेलं लिहून काढलं: 'श्रीमती मनोरमा केशव चितळकर, सहायक शिक्षिका, यांच्या सेवानिवृत्तीप्रसंगी.' खाली बसलेले, उभे, सतरंजीवरचे. तिने प्रत्येक नाव बोट ठेवून वाचलं, फोटोशी ताडून पाहिलं.

"हे बरोबर आहे. पण अपुरं आहे," ती म्हणाली. "अनुपस्थित राहिलं."

ही पद्धत खरी आहे. जो वर्गाचा असून फोटोच्या दिवशी आला नाही, त्याचं नाव शेवटी 'अनुपस्थित' म्हणून घालतात. मी म्हटलं, "अगं, पण सगळे होते. सगळ्यांनी मोजले होते."

"एक कमी होता, मी म्हटलं होतं ना?"

मी फोटो पुन्हा पाहिला. सगळे काचेत बघत होते. आई तेवढी किंचित बाजूला बघत होती. हेडमास्तर त्याबद्दल हळहळले होते, इतका चांगला फोटो आणि बाईंचीच नजर चुकली म्हणून. तिची नजर जिथे होती तिथे त्या दिवशी काय होतं, ते मला आठवलं. तिथे छत्री आणि पिशवी होती.

"तू का नाही आलास?" तिने विचारलं.

"शाळेत नातं चालत नाही."

पेन्सिलीचं टोक तिने नखाने खरवडलं. मग बसल्या जागी ताठ झाली, आणि पहिलीच्या वर्गात ज्या आवाजात हजेरी घ्यायची त्याच आवाजात म्हणाली, "वसंत केशव."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हजर, बाई."

"आई म्हण," ती म्हणाली. "शाळा सुटली."