देवरे सरांनी तपासलेली चिठ्ठी

आमच्या सोसायटीत ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी लागली की तासाभरात तिच्याखाली लाल पेनाने लिहिलेलं असतं : ‘केव्हापर्यंत? माहिती अपुरी.’ हे तळमजल्यावरचे देवरे सर. एकटे राहतात आणि दिसेल ते तपासतात. मी पाठवलेल्या तिळगुळाच्या पुडीवरसुद्धा त्यांनी ‘छान’ असा शेरा मारून कागद परत केला होता.

माझी मुक्ता चौथीत, त्यांच्याच वर्गात. नुसते आकडे दिले तर पोरगी भराभर सोडवते. शाब्दिक उदाहरण आलं की संपलं. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. मधलं वाचायचंच नाही. एका क्रेटमध्ये अठरा किलो द्राक्षं, तर अशा चार क्रेटमध्ये एकूण किती? बाईसाहेबांचं उत्तर बावीस! पुढे पुढे गणिताच्या तासाआधी पोट दुखायला लागलं, शाळाच नको म्हणाली. शेवटी मी धीर करून चिठ्ठी लिहिली.

‘आदरणीय सर, मुक्ताला शाब्दिक उदाहरणांची फार भीती वाटते. कृपया काही दिवस तिला फळ्यापाशी बोलावू नये. वाचायला जास्त वेळ द्यावा. चुकल्यास सौम्यपणे घ्यावे, ही विनंती.’

चिठ्ठी तपासून परत आली. ‘दिलेले : भीती. विचारलेले : सौम्यपणा. रीत : आज पाच वाजता घेऊन या.’ माझं डोकंच फिरलं. तशीच चिठ्ठी हातात घेऊन मुक्तासह खाली गेले.

सरांनी पुस्तकातलं तेच द्राक्षांचं उदाहरण उघडलं आणि त्यातले आकडे कागदाच्या चिटोऱ्यांनी झाकून टाकले.

“उत्तर नको मला. गोष्ट सांग. काय चाललंय इथे?”

मुक्ताने ओळीवरून बोट फिरवत उदाहरण पुन्हा वाचलं.

“द्राक्षं भरताहेत,” ती म्हणाली. “निफाडच्या मामाकडे भरतात तशी.”

“सगळ्या क्रेटमध्ये सारखीच?”

“हो.”

“काढ चित्र.”

सरांनी क्रेटच्या आकड्यावरचा चिटोरा उचलला, तिने चार चौकोन काढले. मग सरांनी दुसरा चिटोरा उचलला. तिने प्रत्येक चौकोनात अठरा लिहिले आणि एकदम ओरडली, “अहो सर, हा तर गुणाकार आहे! बहात्तर!”

“वर्गातही आता असंच झाकून घेऊ, सगळ्यांनाच,” सर म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं!

निघताना टेबलावरची चिठ्ठी उचलायला गेले, तर सरांचा हात तिच्यावर.

“राहू द्या माझ्याकडे. लहानपणी आमच्या घरात अहिराणी. आकडे यायचे हो, पुस्तकातली भाषा कळायची नाही. फळ्यापाशी रडायचो. माय एकदा मास्तरांना सांगायला आली होती, शाळेच्या फाटकापर्यंत. मी खिडकीतून बघत होतो. आत यायची तिला भीती वाटली. थोडा वेळ उभी राहिली आणि गेली परत.”

मी चिठ्ठी तिथेच ठेवली.