पंचविसातले नऊ

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मेलिस मास्तरांनी एका कागदावर न वाचता सही केली, आणि पुढचा सगळा महिना त्यांना वाचण्यातच घालवावा लागला.

सही करण्यात त्यांचा एकट्याचा दोष होता असं नाही. कोक-तोरच्या शाळेत रीतच तशी. तालुक्याच्या साप्ताहिकाचं वर्गणीदार प्रत्येक शिक्षकानं व्हायचंच, आणि दर महिन्याला शाळेचा काहीतरी मजकूर त्यात छापून आणायचा, असा वरून हुकूम. छापून आलेलं कात्रण मुख्याध्यापिका बुरुल एझे एका लाल फायलीत डकवत. (तिकडे शिक्षिकेला 'एझे' म्हणतात, शिक्षकाला 'अगाय'.) तपासणीला कोणी आलं की ती फाइल टेबलावर आपोआप उघडी पडलेली असे.

मेलिस मास्तर मुळात व्यायामाचे. शिट्टी आणि चेंडू यांच्यावर आठवड्याचे तास भरेनात, म्हणून नववी 'ब'चं नागरिकशास्त्र त्यांच्या गळ्यात घातलेलं. शुक्रवारचा पाचवा तास. मे महिन्यात पहिल्या श्रेणीसाठी त्यांची परीक्षा घ्यायला समिती येणार होती. दोनदा हुकलेली श्रेणी. तिसऱ्यांदा हुकली तर बायको काही बोलणार नव्हती, नुसती बघणार होती, आणि त्याचीच त्यांना भीती होती.

त्या महिन्यात मजकूर देण्याची पाळी त्यांची. त्यांनी पुस्तकातला स्वाध्याय वर्गाला दिला : 'संपादकाला पत्र लिहा.' सव्वीस मुलांपैकी अकरांनी मोकाट कुत्र्यांवर लिहिलं आणि चौदांनी त्या अकरांचं बघून लिहिलं. उरली साइकाल. तिसऱ्या बाकावर बसणारी, वेण्या घट्ट आणि तोंड त्याहून घट्ट. तिचं पत्र चार पानी, अक्षर मोत्यासारखं. मथळा होता, 'शाळेत नागरिकशास्त्राचे तास वाढवा'.

मास्तरांनी मथळा वाचला आणि ते हरखले. तास वाढले तर आपलेच वाढणार! विद्यार्थ्याचं पत्र शाळेच्या सहीशिवाय साप्ताहिक घेत नसे. तेव्हा खाली त्यांनी झोकात लिहिलं, 'मजकूर तपासला. माहिती बरोबर आहे. शाळा सहमत आहे.' कचेरीतून गोल शिक्का मारून आणला आणि पाकीट रवाना केलं.

शुक्रवारी पत्र छापून आलं. तिसऱ्या तासाला बुरुल एझेंचं बोलावणं.

"या, मेलिस अगाय, या. बसू नका."

मास्तर उभेच राहिले.

"शिक्षण खात्यातून फोन होता. साहेब विचारत होते, तुमची शाळा स्वतःवरच तक्रार करते, तीसुद्धा शिक्का मारून, हे काय नवीन? मी काय सांगू त्यांना?"

"एझे, पण पत्र तर तास वाढवायचं आहे..."

"वाचा. मोठ्यानं वाचा. आजवर वाचलं नाहीत ते आता वाचा."

मास्तर वाचू लागले. 'आदरणीय संपादक, सप्टेंबरपासून मार्चअखेरपर्यंत आमचे नागरिकशास्त्राचे पंचवीस तास व्हायला हवे होते. झाले नऊ. उरलेले सोळा कुठे गेले त्याच्या तारखा मी वहीत लिहिल्या आहेत. शिक्षक दिनाची तालीम, दोन. शरद उत्सव, दोन. नववर्षाचं झाड सजवणं, तीन. पाहुणे येणार म्हणून झाडांच्या बुंध्यांना चुना लावणं, तीन. नूरुझ सणाचा नाच, चार. अगाय व्हॉलीबॉलच्या स्पर्धेला गेले, दोन.'

इथे मास्तरांनी कागद खाली घेतला.

"पुढे," एझे म्हणाल्या.

'शेजारच्या दादाला मोटार चालवायला शिकवतात तेसुद्धा नऊ तासांत आटपत नाही. मी तीन वर्षांनी मतदान करणार आहे. माझ्या आजीला रहिवासाच्या दाखल्यासाठी तीन दिवस चार खिडक्या फिरवलं. दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो, अर्ज घेतल्याची पोच मागता येते, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आम्हाला खानांच्या लढायांच्या तारखा पाठ आहेत, पण ग्रामसभेची तारीख कोणी सांगत नाही. म्हणून माझं म्हणणं : आठवड्याला दोन तास द्या. ते दुसऱ्या कशासाठी घेऊ नका. वर्षातून एकदा आम्हाला ग्रामपरिषदेच्या बैठकीत मागच्या बाकावर बसू द्या. आणि शाळेचा विद्यार्थी-अध्यक्ष चिठ्ठ्या टाकून निवडा. गेली तीन वर्षं तो मुख्याध्यापिका निवडतात.'

"मी निवडते," एझे म्हणाल्या, "म्हणून तरी बरा निघतो."

पहिला उपाय मास्तरांना सुचला. ते तडक साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादक जुमाशबाबा एकटेच वार्ताहर, एकटेच छायाचित्रकार आणि एकटेच चहा करणारे.

"बाबा, खुलासा छापा. चूक झाली म्हणून."

"छापतो की. चूक कोणती ते सांग."

"पत्रातली माहिती..."

जुमाशबाबांनी मूळ पत्र काढून पुढे सरकवलं. "ही सही कोणाची? 'माहिती बरोबर आहे' हे अक्षर कोणाचं? मी लांबलेलं पत्र थोडं छाटायला घेतलं बरं का, सवयीनं. कुठे छाटू तेच कळेना. पोरीनं एक ओळ फालतू लिहिली नाहीये. तू लिहिलेल्या तीन ओळी मात्र मी सगळ्या छापल्या."

"अहो बाबा, माझी श्रेणी जाईल!"

"मग खोटं आहे असं लिहून दे. पुढच्या अंकात छापतो. पण त्याच्या पुढच्या अंकात ती पोरगी तारखा पाठवेल, तेही छापीन. तुमच्यामुळे माझे चार अंक भरतील. चहा घेतोस?"

सोमवारी खात्याचं पत्र आलं. आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का. नागरिकाचा अर्ज म्हणून नोंदलेला. चौदा कामाच्या दिवसांत अर्जदाराला लेखी उत्तर द्या, प्रत आमच्याकडे, सोबत वर्गाची हजेरी-नोंदवही जोडा. म्हणजे तक्रार साप्ताहिकातून खात्यात गेली, खात्यातून शाळेत आली, आणि शाळेतून बुरुल एझेंनी ती त्याच दिवशी मेलिस मास्तरांच्या टेबलावर ढकलली. कागद खाली खाली येत गेला. काम करायला खाली एकच माणूस उरला होता.

नोंदवही म्हणताच एझेंचा चेहरा उजळला. "अहो, मग घाबरायचं काय! नोंदवहीत पंचवीसच्या पंचवीस तास आहेत ना?"

होते. मास्तर दर शुक्रवारी संध्याकाळी एका हातानं तळलेले बोरसोक खात दुसऱ्या हातानं ते भरत. अठरा ऑक्टोबर, 'नागरिकांचे हक्क', पूर्ण. चौदा मार्च, 'स्थानिक निवडणुका', पूर्ण. शाई एकच, अक्षर एकच, शंकेला जागा नाही.

"जोडा आणि पाठवा. पोरीच्या वहीला कोण विचारतो!"

मास्तर उठले आणि थांबले. "एझे, लाल फाइल."

"तिचं काय?"

"चौदा मार्चचं कात्रण."

एझेंनी फाइल उघडली. 'नववी ब'च्या मुलींनी पाहुण्यांसमोर नूरुझचा नाच रंगवला.' फोटो ठळक. मागे शाळेचं मोठं घड्याळ, पाचव्या तासाची वेळ दाखवणारं. पहिल्या रांगेत साइकाल, हात वर केलेली, चेहऱ्यावर हसू नाही. अठरा ऑक्टोबर : 'नववी ब'ने रस्त्याकडेची झाडं चुन्यानं रंगवली, शाळेचा अभिमान.' बातमी पाठवणारे, मेलिस अगाय. पान उलटेल तसा अभिमान वाढत गेला. एझेंनी वर्षभर हौसेनं जमवलेला पुरावा मुलीच्या वहीपेक्षा पक्का होता, कारण तो रंगीत होता. आणि साप्ताहिकाचा प्रत्येक अंक खात्यातही जात असे.

"तुम्ही हे पाठवलंत कशाला?" एझे कडाडल्या.

"तुम्हीच म्हणालात, दर महिन्याला एक!"

दहा दिवस विचारविनिमयात गेले. चुना लावणं म्हणजे नागरिकशास्त्राचं प्रात्यक्षिक, असं लिहावं का? मग व्हॉलीबॉलचं काय लिहायचं? शेवटी अकराव्या दिवशी साइकालला बोलावलं.

"बाळा," एझेंनी आवाजात मध घातला, "तू पत्र मागे घे. गैरसमज झाला असं लिहून दे."

"मागे घेता येतं, एझे," साइकाल म्हणाली. "पण अर्जदारानं स्वतःच्या इच्छेनं लिहायचं असतं. कोणी भाग पाडलं तर ती वेगळी तक्रार होते. सहाव्या धड्यात आहे."

"सहावा धडा मी कधी शिकवला?" मास्तर चमकले.

"नाही शिकवलात, अगाय. तुम्ही व्हॉलीबॉलला गेला होता तेव्हा मी वाचला."

मग मास्तरांनी, बुडत्यानं काडीला विचारावं तसं, विचारलं, "त्या धड्यात उत्तर कसं लिहायचं तेही आहे का गं?"

"आहे ना. आधी अर्जाची तारीख आणि क्रमांक. मग प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर. मग काय उपाय केला, कोण जबाबदार, किती तारखेपर्यंत. 'योग्य ती कार्यवाही करू' असं लिहिलेलं चालत नाही."

एझेंनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी एझेंकडे. दोघांनीही आयुष्यभर तेवढंच लिहिलं होतं.

"बस," एझे म्हणाल्या. "लिही."

तर अशा रीतीनं साइकालच्या तक्रारीला शाळेतर्फे उत्तर साइकालनं दिलं. चौदाव्या दिवशी ते टेबलावर आलं तेव्हा शाळेचं छप्पर बघायला अभियंते आले होते, आणि एझे जिन्यावरून ओरडत होत्या. त्यांनी अक्षर पाहिलं, मोत्यासारखं. सही केली, शिक्का मारला. वाचायला वेळ कोणाला?

उत्तर असं होतं : 'मुद्दा एक, सोळा तास बुडाले हे खरं आहे, नोंदवही दुरुस्त केली जाईल. मुद्दा दोन, शुक्रवारचा पाचवा तास यापुढे कोणत्याही कार्यक्रमासाठी घेतला जाणार नाही, जबाबदार, मुख्याध्यापिका. मुद्दा तीन, विद्यार्थी-अध्यक्षाची निवडणूक मेमध्ये गुप्त मतदानानं होईल.'

चार दिवसांनी फोन आला. एझेंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. पण साहेब खूश होते. इतक्या वर्षांत मुद्देसूद उत्तर हे पहिलंच! शाळेला नागरिकशास्त्राची आदर्श शाळा म्हणून निवडलं होतं. मेअखेर तालुक्यातले सगळे मुख्याध्यापक आदर्श तास बघायला येणार. श्रेणी देणारी समितीही त्याच दिवशी, त्याच तासाला, मेलिस अगायांचं काम बघणार.

एझे शिक्षकांच्या खोलीत आल्या त्या वाऱ्यासारख्या. "अगाय, तयारीला लागा! मुलं कविता म्हणतील, 'मी उद्याचा नागरिक'. मुलींना टोप्या. पायऱ्यांना चुना. तीन आठवडे रोज तालीम."

"तालीम कोणत्या तासाला, एझे?"

"विचारायचं काय त्यात? शुक्रवारचा पाचवा आहेच की आपल्या हातात!"

शुक्रवारी नववी 'ब' पटांगणात रांगेनं उभी राहून आपण उद्याचे नागरिक असल्याचं ओरडत होती. साइकाल तिसऱ्या रांगेत होती. ती ओरडत नव्हती. तालीम संपल्यावर तिनं वही काढून त्यात एक तारीख लिहिली.

संध्याकाळी मास्तरांनी नोंदवही उघडली. पेन हातात, बोरसोक बशीत. 'राज्यघटना', हा शब्द बोटांत तयार होता. तो उतरेना. बराच वेळ बसून त्यांनी त्या रकान्यात, बुडालेल्या तासापुढे, वर्षातला पहिला खरा शब्द लिहिला : तालीम.

दारात साइकाल उभी होती. हातात चार पानं.

"अगाय, मे महिन्याचा मजकूर. सही लागते."

मास्तरांनी शिक्क्याकडे पाहिलं. समितीची तारीख आठवली. मग चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, पानं पुढे ओढली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. एके ठिकाणी थांबून म्हणाले, "व्हॉलीबॉलचे दोन नव्हेत, तीन. एक तू विसरलीस."

तिनं खोडून तीन केले, आणि नऊचे आठ.

मग त्यांनी सही केली.