शहाण्या मुलींची घडण

'नाही' हा शब्द दोनच अक्षरांचा असला, तरी घशातून ओठांपर्यंत यायला काही माणसांना बत्तीस वर्षं लागतात. मधल्या काळात ती 'बघते' या शब्दावर भागवतात. 'बघते' म्हणजे बोलणारीच्या मनात नाही, ऐकणाऱ्याच्या मनात हो, आणि शनिवारी ऑफिसात हजर.

पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका कार्यालयात मुद्रितं तपासणारी एक बाई या शब्दावर जगत होती. तिथली नव्वद टक्के जादा कामं तिच्याकडे येत (उरलेली दहा टक्के ती आपणहून मागून घेई). सगळे तिला कौतुकानं 'आपली हक्काची' म्हणत. हक्काच्या वस्तूला विचारावं लागत नाही, हा त्यातला सन्मान.

प्रशिक्षण घरगुती होतं. लहानपणी आईचं बिनसलं की स्वयंपाकघरात भांडी आदळत. मग ही धावत पाणी नेऊन देई, बाहुली धाकट्याला देऊन टाकी, पोटात दुखत असलं तरी बोलत नसे. भांडी थांबत. "गुणाची गं माझी ती." दुसऱ्याचा चेहरा सांभाळला की आपण सुखरूप, हे गणित तिथंच पाठ झालं. आई आता शांत झाली आहे. पण साहेबांची भुवई चढली की हिच्या पोटात भांडी आदळतातच.

शेवटी ती एका समुपदेशक बाईंकडे गेली. त्यांनी सांगितलेला उपाय इतका साधा होता की ती घाबरलीच. लगेच उत्तर द्यायचं नाही. नकार एका वाक्यात. कारणं जोडायची नाहीत, कारण दिलं की समोरचा ते सोडवून देतो. नंतर अपराधी वाटेल. वाटू द्यायचं, ते ओसरतं.

शुक्रवारी साहेब म्हणाले, उद्या येऊन रजेवरच्या माणसाचं अडलेलं सूचीचं काम करून टाक. लेकीला पोहायला नेण्याचं वचन तीनदा मोडलं होतं; चौथा शनिवार उद्याच होता.

"पाच मिनिटांत सांगते," म्हणून ती पाणी प्यायला गेली. परतली.

"साहेब, उद्या मला जमणार नाही." (घशात सतरा कारणं रांगेत उभी होती, त्यात एक काल्पनिक ताप.)

"अगं, तुझ्याशिवाय आहे कोण?"

"सोमवारी घेते. पण मग हातातलं विज्ञानाचं पुस्तक मागे पडेल. आधी कोणतं हवं, ते तुम्ही सांगा."

साहेबांनी डोकं खाजवलं. "मग सोमवारीच बघू."

इमारत कोसळली नाही. माफीचा फोन करायची हुक्की मात्र रात्रीची जेवणं होईपर्यंत टिकली. मग ओसरली.

शनिवारी तलावावर नणंद भेटली. लेकीपुढे गाल करून म्हणाली, "आत्याला पापा दे."

"नको. मला आत्ता नकोय."

नणंदेचा चेहरा पडला. हिच्या जिभेवर 'शहाणी ना तू?' तयारच होतं, हुबेहूब स्वतःच्या आईच्या आवाजात. तिनं ते गिळलं.

"ती नको म्हणतेय, ताई."

पोरगी जरा आगाऊच आहे, असं वाचता वाचता तुमच्याही मनात आलं असेल. साहजिक आहे. त्या वयात तुम्ही निमूट पापा दिला होतात. म्हणून तर तुम्ही आजही सगळ्यांचे लाडके आहात, आणि तुमच्या टेबलावर दुसऱ्याचं काम पडलंय.